१००! मध्ये ७ चा सगळ्यात मोठा घात: आन्सर कीत १४, मुलीचं उत्तर १६. बरोबर कोण?

मलप्रभाकाठ (खानापूर) | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार. मुलगी सेकंड पीयूसीला आहे, सीईटीसाठी बेळगावात क्लासला जाते. परवाच्या टेस्टमध्ये एक प्रश्न होता: १००! ला पूर्ण भाग जाईल असा ७ चा सर्वांत मोठा घात कोणता? पर्याय २, १४, १६ आणि १८. तिनं १६ वर खूण केली. कीमध्ये १४ आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, शंभरपर्यंत सातच्या पटीतल्या संख्या १४, त्यात काय विचारायचं. एक मार्क गेला, वर चुकीचा पाव मार्क कापला तो वेगळाच.

मार्काचं सोडा. पण ती रात्री साडेअकरापर्यंत वहीत तेच खरडत बसली होती. मी सोसायटीत हिशेब लिहिते, बेरीज-वजाबाकी चालते, पण हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात होती, आता सगळं इंग्रजीत, त्यामुळे समजावताना तिचीही धांदल उडते. कुणी मराठीत नीट सांगेल का?

शहापूरवाला | रात्री ९:३१

ताई, उत्तर २ आहे. सात, मग सात साते एकोणपन्नास, मग तीनशे त्रेचाळीस. तो शंभरच्या पुढं गेला. म्हणजे शंभरात साताचे दोनच घात बसतात. की पण चूक, पोरगी पण चूक. दुकान बंद करता करता लिहिलंय, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

तिसरं_गेट (टिळकवाडी) | रात्री ९:३८

काका, ते शंभर नाही, शंभरापुढं उद्गारचिन्ह आहे. १ × २ × ३ × … × १०० असा सगळा गुणाकार. १५८ अंकी संख्या होते ती. त्या संख्येला सातनं किती वेळा भागता येईल, असा प्रश्न आहे.

शहापूरवाला | रात्री ९:४०

अरे देवा. मला वाटलं ताई चिडल्यात म्हणून उद्गारचिन्ह दिलंय.

निपाणीकर | रात्री ९:५८

उत्तर १८. मी आत्ता कागदावर मोजालोय. सातच्या पटीतल्या संख्या १४, त्याचे १४ सात. मग ४९ मध्ये दोन सात आणि ९८ मध्ये दोन सात, ते चार. १४ आणि ४ मिळून १८. पर्यायात पण आहे की. पोरीनं ४९ आणि ९८ चा एकेकच सात धरला असणार.

मलप्रभाकाठ | रात्री १०:०५

आता तर तीन उत्तरं झाली. मुलगी म्हणते १८ चूक आहे, पण का ते तिला पटकन सांगता येईना. थांबा, ती काहीतरी काढतेय.

मलप्रभाकाठ | रात्री १०:२२

तिनं गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानामागं १ ते १०० लिहिलेत, एका ओळीत सात. चौदा ओळी पूर्ण भरल्या आणि पंधराव्या ओळीत ९९ आणि १०० दोघंच उरले. शेवटच्या उभ्या रांगेत ७, १४, २१ असं करत ९८ पर्यंत. त्या रांगेतल्या प्रत्येक आकड्याभोवती तिनं पेन्सिलीनं एक गोल काढला. मग सातव्या ओळीतल्या ४९ भोवती आणि चौदाव्या ओळीतल्या ९८ भोवती अजून एकेक गोल. एकूण गोल मोजले तर १६ भरले. ती म्हणते, निपाणीच्या काकांनी ४९ चा पहिला गोल दोनदा मोजलाय.

जुना_मास्तर (बेळगाव) | रात्री १०:४७

मुलगी अगदी बरोबर आहे. तिच्या पानावर सगळं उत्तर आहे, मी फक्त वाचून दाखवतो.

निपाणीकर, तुम्ही १४ मोजलेत तेव्हा ४९ चा एक सात आणि ९८ चा एक सात त्या चौदात येऊन बसलाच होता. राहिला होता तो दोघांचा दुसरा सात. म्हणून पुढं मिळवायचे ते दोन, चार नव्हेत. तुमचाच हिशेब दुसऱ्या वाटेनं करा. एकच सात असलेल्या संख्या १२, त्यांचे १२ सात. दोन सात असलेल्या २, त्यांचे ४. बारा आणि चार सोळा. तुमचे चार बरोबर होते, पण ते बारात मिळवायचे होते, तुम्ही चौदात मिळवलेत.

आता शेवटच्या रांगेतल्या चौदा संख्यांचाच गुणाकार घ्या. बाकीच्या ८६ संख्यांत सात नाहीच, त्या बाजूला ठेवा.

७ × १४ × २१ × … × ९८

प्रत्येकातून एकेक सात बाहेर काढला की चौदा सात बाहेर येतात आणि आत उरतं १ × २ × ३ × … × १४. म्हणजे हा गुणाकार ७ चा चौदावा घात गुणिले १४! एवढा आहे. प्रश्न संपला नाही, नुसता लहान झाला. शंभरचा प्रश्न चौदाचा झाला. १४! मध्ये सात किती? ७ मधला एक आणि १४ मधला एक, दोन. त्या दोनातून सात काढले की उरतं २!, त्यात सात नाही. थांबा. चौदा अधिक दोन.

कागदावर हे दोन ओळींत होतं. १०० ला ७ नं भागा, भागाकार १४. त्या १४ ला पुन्हा ७ नं भागा, भागाकार २. २ ला सात जात नाही. भागाकारांची बेरीज १६. बाकी दर वेळी टाकून द्यायची. तुमच्या सरांनी पहिला भागाकार करून पेन खाली ठेवलं, एवढंच झालंय. फ्रेंच गणिती लजांद्र यांच्या नावानं हे सूत्र ओळखतात, १८०८ च्या सुमाराचं आहे.

निपाणीकर | रात्री ११:०२

बारा आणि चार सोळा हे पटलं. पण मला खात्री करून घ्यायला आवडतं. एक्सेलमध्ये FACT(100) भागिले 7^16 करून बघालोय. उत्तर 2.808E+144 आलं. पूर्णांक आहे की नाही कसं कळणार?

तिसरं_गेट | रात्री ११:१५

नाही कळणार. एक्सेल पहिले पंधरा अंक धरून ठेवतं, पुढचे शंभरेक अंक त्याला माहीतच नसतात. 7^17 नं भागून बघा, तेव्हाही असाच एक लांबलचक E वाला आकडा येईल आणि तोही पूर्णांकासारखाच दिसेल. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर तर ६९! च्या पुढं एररच दाखवतो. सगळे अंक धरणारं काहीतरी लागतं. पायथनमध्ये हे चालवा:

```python
import math
n = math.factorial(100)
k = 0
while n % 7 == 0:
    n //= 7
    k += 1
print(k)
```

16 छापून येतं. यात `//` च पाहिजे. मी पहिल्यांदा घाईत एकच `/` लिहिला आणि ते १६ च्या फार अलीकडंच थांबलं. मिनिटभर वाटलं मास्तर चुकले. मग लक्षात आलं, एका `/` नं पायथनही संख्या दशांश अपूर्णांकात टाकतो आणि शेपटीचे अंक गळून पडतात. एक्सेलचंच दुखणं.

मलप्रभाकाठ | रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. मुलगी झोपायला गेली, हसत गेली. कॅलेंडरचं पान घडी करून दप्तरात ठेवलंय, सोमवारी सरांना दाखवणार म्हणते. मी म्हटलं, दाखव, पण आवाज चढवू नकोस.

शहापूरवाला | रविवार, सकाळी ८:१४

रात्रभर हे डोक्यात होतं. मास्तर, हे तर आमचं बुचांचं गणित आहे. लहानपणी शाळेबाहेर एक सोडावाला होता. सात बुचं आणून दिली की एक बाटली फुकट. आणि त्या फुकटच्या बाटलीलाही बूच असायचं, ते परत चालायचं. मी आणि भाऊ लग्नाच्या मांडवातून, बस स्टँडवरून बुचं वेचायचो. खिसे गंजाचे.

समजा शंभर बुचं आहेत. चौदा बाटल्या मिळाल्या, दोन बुचं उरली. चौदा बाटल्यांची चौदा बुचं आणि ही दोन, सोळा. त्याच्या दोन बाटल्या. एकूण सोळा बाटल्या. जुळलं की नाही? गणितात मी नापास होतो म्हणून कुणाला सांगू नका.

चिकोडीचा_परीक्षार्थी | सकाळी ८:४०

काका भारी. हे मी एफडीएच्या तयारीच्या ग्रुपवर टाकतो.

जुना_मास्तर | सकाळी ९:२५

शहापूरवाले, चहा पिता पिता तुमची पोस्ट वाचली आणि चहा गार झाला. उपमा फार चांगली आहे, पण एका जागी गळते, आणि नेमकी तिथंच गंमत आहे. टाकायची असेल तर हेही जोडून टाका.

शंभर सोडा, ४८ बुचं घ्या. तुमच्या सोडावाल्याकडं सहा बाटल्या मिळाल्या आणि सहा बुचं उरली. सहा नवी आणि सहा जुनी, बारा झाली. त्यातून अजून एक बाटली. एकूण सात. आता ४८! मध्ये सात किती आहेत? ७, १४, २१, २८, ३५, ४२. सहाच. सातवा येणार कुठून? ४९ अजून आलाच नाही.

म्हणजे गणिताचा सोडावाला तुमच्या सोडावाल्यापेक्षा कडक आहे. तो जुनी उरलेली बुचं नव्या बुचांत मिसळू देत नाही. मुलीच्या पानावर बघा. पंधराव्या ओळीतले ९९ आणि १०० हे उरलेलं बूच. त्यांच्यात सात नाही, पुढच्या फेरीत ते कितीही धरले तरी त्यांच्यातून सात निघणार नाही. दुसऱ्या फेरीत मोजायच्या त्या फक्त शेवटच्या रांगेतल्या चौदा संख्या. शंभरच्या वेळी दोन्ही सोडावाल्यांचं उत्तर १६ आलं ते नशिबानं, उरलेली बुचं थोडी होती म्हणून.

आता कडक दुकानात तीन फेऱ्यांत उरलेलं बघा. पहिल्या फेरीत १०० मधून उरली २. दुसऱ्या फेरीत १४ मधून उरली ०. मग हातात आली ती २, त्यात सौदाच होत नाही, तीही उरली. एकूण ४ बुचं पडून राहिली.

प्रत्येक सौद्यात काय होतं? सात बुचं जातात, एक येतं. सहा कमी होतात. शंभर बुचांपासून निघालो, चारवर थांबलो. ९६ बुचं कमी झाली, दर सौद्याला ६, म्हणून सौदे १६. बाटल्या मोजल्याच नाहीत, पडून राहिलेली बुचं मोजली आणि उत्तर आलं.

आणि २, ०, २ हे आकडे ओळखीचे वाटतात का? शंभर ही संख्या दहाऐवजी सातच्या पायावर लिहिली तर २०२ अशी लिहितात. दोन एकोणपन्नास, शून्य सात, दोन एकं. पडून राहिलेली बुचं म्हणजे तेच अंक. हे मी तीस वर्षं फळ्यावर सूत्र लिहून शिकवलं, सोडावाला मला कधी सुचला नाही.

शहापूरवाला | सकाळी ९:४१

आमचा सोडावाला कडक नव्हता, पण गंजलेलं बूच घ्यायचा नाही.

चिकोडीचा_परीक्षार्थी | सकाळी १०:०३

मास्तर, आमच्या गाईडमध्ये असाच प्रश्न १२ चा आहे. १००! मध्ये १२ चा मोठ्यात मोठा घात. मी तुमच्याच रीतीनं केलं. १०० ला १२ नं भागून ८, ८ ला १२ जात नाही, उत्तर ८. गाईडमध्ये ४८ छापलंय. छपाईची चूक ना?

निपाणीकर | सकाळी १०:२०

छपाईची चूकच. आठाच्या पुढं चार कुठून आला?

जुना_मास्तर | सकाळी १०:५५

छपाई बरोबर आहे. भागत जायची ही रीत फक्त मूळ संख्येला चालते. आपल्या बाजूच्या कन्नड पुस्तकात मूळ संख्येला ‘अविभाज्य संख्ये’ म्हणतात, तो शब्द इथं जास्त उपयोगी पडतो. सात अविभाज्य आहे. गुणाकारात सात यायचा तर तो कुठल्यातरी एका संख्येत अख्खाच असायला हवा, दोन संख्यांचे तुकडे जोडून सात बनत नाही. बारा मात्र जोडून बनतो. २ आणि ६ शेजारी आले की झाले बारा. ३ आणि ४ आले की झाले बारा. यातली एकही संख्या बाराच्या पटीत नाही. तुम्ही फक्त १२, २४, ३६ असे अख्खे बारा मोजलेत.

बारा फोडला तर दोन २ आणि एक ३. १००! मध्ये २ किती? ५०, २५, १२, ६, ३, १. बेरीज ९७. तीन किती? ३३, ११, ३, १. बेरीज ४८. एका बाराला दोन २ लागतात, ९७ मधून ४८ जोड्या निघतात आणि एक २ उरतो. तीनही ४८ च आहेत. ४८ जोड्या, ४८ तीन, ४८ बारा.

शेवटी शून्यं किती, हा प्रश्न तुम्ही शंभरदा सोडवला असेल. तोही असाच. दहा म्हणजे २ आणि ५. पाच २४ आहेत, दोन ९७. पाच कमी पडतात म्हणून शून्यं २४.

चिकोडीचा_परीक्षार्थी | सकाळी ११:१०

म्हणजे नियम असा: फोडल्यावर जी मूळ संख्या मोठी असेल तिचेच मोजायचे. दहाला ५, बाराला ३. छोटी मोजायची गरजच नाही. वेळ वाचतो.

तिसरं_गेट | सकाळी ११:३२

दहाला चालतो, बाराला नेहमी नाही. ९! घेऊन बघा. त्यात तीन आहेत ४ आणि दोन आहेत ७. तुमच्या नियमानं बाराचे ४ यायला हवेत. पण सात २ च्या तीनच जोड्या होतात, म्हणून बारा ३ च. ९! म्हणजे ३६२८८०. बारानं तीनदा भागलं की २१० उरतात, त्याला बारा जात नाही. गंमत म्हणजे त्याच्या अलीकडच्या ८! मध्ये उलटं आहे, तिथं ३ कमी पडतात. बाराला दोन २ लागतात म्हणून पारडं इकडं तिकडं हलत राहतं.

चिकोडीचा_परीक्षार्थी | सकाळी ११:४०

मग २ कधी कमी पडणार आणि ३ कधी, हे आधी कळायचा काही उपाय?

तिसरं_गेट | सकाळी ११:५२

मला माहीत नाही. मी तरी दोन्ही मोजतो. मास्तरांना माहीत असेल तर सांगतील.

निपाणीकर | दुपारी १:१५

जेवण करून आलो. मी ७ चा तक्ता करालोय. १! पासून १००! पर्यंत प्रत्येकात सात किती ते. ४८! पर्यंत ६, आणि ४९! ला एकदम ८. सात नाहीच आला. मग पुढं ९७! पर्यंत १४ आणि ९८! ला एकदम १६. पंधरा नाहीच. कुठंतरी चुकालोय काय?

जुना_मास्तर | दुपारी २:४०

कुठंही चुकला नाहीत. ४९ येतो तेव्हा दोन सात एकदम घेऊन येतो, ९८ पण तसाच. म्हणून सहावरून आठवर उडी, चौदावरून सोळावर उडी. बरोबर १५ सात असलेलं कुठल्याही संख्येचं क्रमगुणित नाही, शंभरच्या पुढंही नाही, कारण आकडा मागं कधी येत नाही. आणि ३४३ आला की तिथं तिनाची उडी.

प्रश्न काढणाऱ्यानं पर्यायात १५ का ठेवला नाही याचं मला नवल वाटतं. ज्याला हे माहीत आहे त्यानं तो पर्याय बघताक्षणी खोडला असता.

बाराबद्दल: दोन्ही मोजायचे. माझ्याकडंही दुसरा उपाय नाही.

निपाणीकर | दुपारी २:५१

काल मी १८ म्हणत होतो ते कृपया कुणी माझ्या पुतण्याला दाखवू नका. तो या ग्रुपवर आहे.

मलप्रभाकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:३५

काय झालं ते सांगते. मुलीनं पान दाखवलं. सरांनी बघितलं, गोल मोजले आणि म्हणाले, प्रश्न एका पुस्तकातून घेतला होता, कीपण तिथलीच. मार्कांचं नंतर बघू. वर्गात मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. तिच्या बेंचवरच्या दोघींनी १४ लिहून मार्क घेतलेत, त्यांना वाटतंय तेच बरोबर. ती जरा हिरमुसली आहे.

आता नवीन प्रश्न घेऊन बसली आहे. १००! ला ५०! नं दोनदा भागलं तर जे उरतं, म्हणजे शंभरातून पन्नास निवडायचे प्रकार, त्याला सात जाईल का? ती म्हणते जाणार नाही. १००! मध्ये १६. ५०! मध्ये ७ आणि १, आठ. दोनदा आठ सोळा. सोळातून सोळा गेले, शून्य. तिचं म्हणणं, हा योगायोग आहे की यामागं काही आहे?

जुना_मास्तर | संध्याकाळी ७:२०

योगायोग नाही. तिला सांगा, पन्नास सातच्या पायावर लिही. १०१. आता १०१ आणि १०१ यांची बेरीज कर. २०२. कुठंही हातचा आला नाही. हातचा एकही नाही म्हणून सात एकही नाही. जितके हातचे तितके सात. जर्मन गणिती कुम्मर यांनी १८५२ मध्ये हे दाखवलं.

तिला तेच तीनच्या पायावर करून बघू दे. पन्नास म्हणजे १२१२. त्यात १२१२ मिळवताना चारदा हातचा येतो. ताळा करायचा तर १००! मध्ये तीन ४८, ५०! मध्ये १६, ५, १ मिळून २२, दोनदा ४४. ४८ वजा ४४ चार.

चिकोडीचा_परीक्षार्थी | संध्याकाळी ७:३१

हातच्याचा आणि भागाकाराचा संबंध काय, ते कळलं नाही मास्तर.

शहापूरवाला | रात्री ९:४८

दुकान बंद करून बसलोय, मी सांगून बघतो. चुकलं तर मास्तर आहेतच.

मी आणि भाऊ, दोघांकडं पन्नास पन्नास बुचं. कडक सोडावाला. वेगवेगळे गेलो तर मला आठ बाटल्या, त्याला आठ. एकत्र शंभर घेऊन गेलो तर सोळा. काहीच फायदा नाही, कारण माझं पहिल्या फेरीत उरलेलं एक आणि त्याचं एक मिळून दोनच होतात, सात होत नाहीत. पण दुसरा एक सोडावाला समजा, तीन बुचांवर एक बाटली देणारा. तिथं माझी पडून राहिलेली आणि त्याची पडून राहिलेली मिळून तीन भरतात, एक सौदा जास्त होतो. तेच हातचा येणं. एकत्र गेल्यामुळं जितक्या बाटल्या जास्त मिळाल्या तितके हातचे. बरोबर का?

जुना_मास्तर | रात्री १०:०६

बरोबर. यात मी काही जोडणार नाही.

शहापूरवाला | रात्री १०:१२

आम्ही दोघं बुचं कधी एकत्र करायचो नाही. कुणाची किती यावरून मारामारी व्हायची. बरं झालं सोडावाला सातवाला होता, तीनवाला असता तर चार बाटल्यांना मुकलो असतो.